मराठी हेडिंगच्या ओळी एकमेकींवर चढतात, लाइन-हाइट किती ठेवायची?

प्रश्न: मोबाईलवर मराठी हेडिंग दोन-तीन ओळींत गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला चिकटतो. इंग्रजी डिझाइनमध्ये लाइन-हाइट १.१ होती, तीच ठेवलीये. मराठीला किती ठेवू? आणि फाँट साइज मोठी असली की लाइन-हाइट कमी करायची असते ना?

उत्तर:

घाईत असाल तर १.३५ टाका आणि मोकळे व्हा, बहुतेक फाँटांवर बहुतेक हेडिंगं निभावून जातात. पण हा आकडा माझ्या फाँटवर मोजून आलेला आहे, तुमचा फाँट वेगळा असला तर १.२८ सुद्धा पुरेल किंवा १.५ पण कमी पडेल, त्यामुळे मोजायचं कसं तेच सांगतो, पाच मिनिटांचं काम आहे.

आधी ते शेवटचं, "साइज मोठी की लाइन-हाइट कमी" हे. हा नियम खोटा नाही, पण तो रोमन लिपीचा आहे आणि तिकडे तो का चालतो ते बघितलं की आपल्याकडे का फसतो ते लगेच कळतं. रोमन अक्षर बेसलाइनच्या वर साधारण पाऊण एम जातं (एम म्हणजे फाँट साइज, ४८ पिक्सेलचा फाँट असेल तर एक एम ४८ पिक्सेल) आणि खाली जी किंवा वायची शेपटी पाव एमच्या आतबाहेर उतरते. बेरीज जेमतेम एक. म्हणजे लाइन-हाइट १ केली तरी ओळी फारशा टेकत नाहीत, त्यावर जे काही देता ते सगळं वाचायच्या सोयीसाठी असतं, आणि ती सोय मोठ्या अक्षराला कमी लागते म्हणून मजकुराला १.५ अन् हेडिंगला १.१ असं करता येतं.

देवनागरीत हिशोबच वेगळा. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि बरेचदा यातले दोन-तीन एकावर एक, आणि बेसलाइनखाली उकार, ऋकार, पाय मोडलेलं चिन्ह, ट्रचा रकार, उभी जोडाक्षरं. शाईची नुसती उंचीच सव्वा एमच्या पुढे जाते. ही उंची फाँट साइजच्या प्रमाणात वाढते, २० पिक्सेलला पण सव्वा एम आणि ९० पिक्सेलला पण सव्वा एमच. म्हणजे लाइन-हाइटचे दोन भाग धरा, एक शाई टेकू नये म्हणून लागणारी किमान जागा आणि दुसरी त्यावरची मोकळीक. साइज वाढवली की मोकळीक कमी करता येते, किमान जागा करता येत नाही, तिला तुमच्या साइजशी काही घेणंदेणं नाही, ती फाँटची आहे. इंग्रजी डिझाइनमधला १.१ जसाच्या तसा उचलला की आपण त्या किमान जागेतच हात घालतो.

आता एक हेडिंग घेऊन बघू. पहिली ओळ "वर्षानुवर्षे रखडलेल्या पुलाचं काम सुरू", दुसरी "सर्वांनीच घेतला सुटकेचा निःश्वास", डावीकडून अलाइन. पहिल्या ओळीची सुरुवातीची अक्षरं व, र्षा, नु. दुसरीची स, र्वां, नी. रुंदी जवळपास सारखी, त्यामुळे "नु" बरोब्बर "नी"च्या डोक्यावर येऊन बसतो. उकार खाली लोंबतोय आणि वेलांटी वर गोलाई घेतीये, दोघांना जागा एकच.

हे मी एका फाँटच्या बोल्ड वजनात १०० पिक्सेलला मोजलं. "नी" बेसलाइनपासून वर ९३ पिक्सेल जातो, "नु" बेसलाइनखाली २७ उतरतो. दोन बेसलाइनींमधलं अंतर म्हणजेच लाइन-हाइट, त्यामुळे वरच्या ओळीची खालची शाई अधिक खालच्या ओळीची वरची शाई, ही बेरीज त्या अंतरात मावली पाहिजे. २७ अधिक ९३ म्हणजे १२०, म्हणजे १.२ ला उकाराचं टोक वेलांटीला नुसतं टेकतं, मध्ये मुंगीसुद्धा शिरणार नाही. आणि गंमत म्हणजे बूटस्ट्रॅपच्या हेडिंगांना डिफॉल्ट १.२ च असते! टेलविंडमध्ये `text-5xl` आणि त्यापुढच्या साइजना तर डिफॉल्ट १ असते, तिथे ४८ पिक्सेलवर हा उकार वेलांटीत साडेनऊ पिक्सेल घुसतो. तुमच्या १.१ ला साधारण पाच पिक्सेल घुसत असणार.

पण "नु" आणि "नी" ही सरळ अक्षरं झाली. वरच्या बाजूला सगळ्यात उंच जाते ती रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकत्र आल्यावर, उदाहरणार्थ "दर्दींनी" मधला र्दीं. माझ्या फाँटला तो ९९. खाली सगळ्यात खोल जातात ती उभ्या जोडाक्षराला उकार लागलेली, "अद्भुत" मधला द्भु ४० आणि "लट्टू" मधला ट्टू ४३. एक फसगत सांगून ठेवतो, चाचणीला "रु" किंवा "रू" घेऊ नका. र चा उकार अक्षराच्या खाली न लागता बाजूला, कमरेला लागतो, तो खाली उतरतच नाही. मी एकदा "सुरू गुरू रुपये" असले शब्द टाकून तपासत बसलो होतो आणि खूष होतो की टक्कर होत नाहीये, अर्धे उकार तर खाली जाणारेच नव्हते.

मोजायला ब्राउझरचा कन्सोल पुरतो. ज्या पानावर फाँट लोड होतो तिथेच उघडा आणि फाँटचं नाव आणि वजन तुमचं टाका:

```js
const f = '700 100px "FontName"';
const w = ['नी','दर्दींनी','सौंदर्य','नु','अद्भुत','लट्टू'];
await document.fonts.load(f, w.join(''));
const c = document.createElement('canvas').getContext('2d');
c.font = f;
for (const s of w) {
  const m = c.measureText(s);
  console.log(s, m.actualBoundingBoxAscent, m.actualBoundingBoxDescent);
}
```

यात `document.fonts.load` ला दुसरा अर्ग्युमेंट म्हणून मराठी मजकूर दिलाय तो काढू नका. वेबफाँट बरेचदा लिपीप्रमाणे तुकडे करून येतात, मराठी अक्षर मागितल्याशिवाय देवनागरीचा तुकडा डाउनलोडच होत नाही, आणि मग तुम्ही मोजता तो सिस्टिमचा भलताच फाँट. नावात स्पेलिंग चुकलं तरी हेच होतं, एरर येत नाही, आकडे येतात पण दुसऱ्याच फाँटचे. शंका आली तर नाव मुद्दाम चुकवून पुन्हा चालवा, आकडे तेच आले तर समजा की आधीही फाँट लागला नव्हता. आणि वजन खरं तेच द्या. रेग्युलरला मोजून बोल्डला लावू नका, जाड वजनात चिन्हंही जाड होतात आणि ती जागा कुठून तरी वर-खालीच काढावी लागते.

आकडे आले की निर्णय असा घेतो. वरची सगळ्यात उंच शाई घ्यायची (माझी ९९), खालची मात्र साध्या उकाराची घ्यायची (२७), आणि मध्ये मोकळी फट म्हणून शिरोरेषेच्या जाडीइतकी जागा, बोल्डमध्ये माझी शिरोरेषा ८ आहे. बेरीज १३४, वर ढकलून १.३५. फट शिरोरेषेइतकीच का, तर त्याहून कमी ठेवली की टोकं चिकटली नसली तरी लांबून चिकटल्यासारखी दिसतात, निव्वळ अनुभवातून आलेला अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नियम नाही.

मग "लट्टू"चं काय, ४३ अधिक ९९ तर १४२ होतात? होतात. पण टक्कर व्हायला नुसतं त्या ओळीत ते अक्षर असून भागत नाही, ते उंच अक्षराच्या नेमकं डोक्यावर यावं लागतं. "ट्टू" खाली "दर्दीं" येणं हा योग दुर्मिळ. "ट्टू" खाली साधी वेलांटी आली तर १३६, म्हणजे १.३५ ला एमच्या शंभराव्या भागाइतकं टेकेल, ४८ पिक्सेलवर अर्धा पिक्सेल. आणि ज्या अक्षरावर नुसती शिरोरेषा आहे त्याच्यावर आला तर प्रश्नच नाही, शिरोरेषा बेसलाइनपासून ६६ वर आहे, भरपूर जागा. तुम्ही बातम्यांची साइट करत असाल, रोज शे-दोनशे हेडिंगं कुणीतरी टाइप करणार आणि तुम्ही बघायला नसणार, तर मी १.४२ च्या वर जाईन आणि १.४५ ठेवीन. दहा-बारा पानांची साइट असेल आणि प्रत्येक हेडिंग डोळ्याखालून जाणार असेल तर १.३५ बास. पोस्टर किंवा मासिकाचं पान असेल तर ओळ कुठे तुटणार ते पक्कं असतं, तिथे १.२५ ला पण बसवता येतं, टक्कर दिसली की शब्द खाली ढकलायचा. वेबवर ही चैन नाही, स्क्रीनची रुंदी बदलली की "नु" खाली दुसरंच काहीतरी येतं, म्हणूनच तुमच्याकडे डेस्कटॉपवर ठीक दिसत असेल आणि मोबाईलवर चिकटत असेल. जाता जाता, इनडिझाइनमध्ये ऑटो लीडिंग १२० टक्के असतं, म्हणजे तिथेही तोच १.२, छापायच्या आधी ते हाताने वाढवा.

सीएसएस एवढंच:

```css
h1:lang(mr), h2:lang(mr) {
  line-height: 1.35;
  text-wrap: balance;
}
```

पानावर `lang="mr"` असलं पाहिजे हे वेगळं सांगायला नको, पण बरेचदा टेम्प्लेटमधून आलेलं `lang="en"` तसंच पडून असतं आणि मग माणूस तासभर डोकं खाजवतो. `:lang(mr)` मुळे इंग्रजी पानांची हेडिंगं १.१ लाच राहतात, दोन्ही भाषांना एकाच आकड्यात कोंबायची गरज नाही. आकड्यापुढे युनिट नको, टक्केही नकोत. `body` ला `line-height: 150%` लिहिलं आणि हेडिंगला काहीच नाही तर हेडिंगला दीडपट मिळत नाही, `body` च्या १६ पिक्सेलवर काढलेले २४ पिक्सेल वारशाने मिळतात, आणि ४८ पिक्सेलच्या ओळी २४ पिक्सेलवर म्हणजे अक्षरशः एकमेकींच्या पोटात. `text-wrap: balance` टक्कर थांबवत नाही, ओळी समान लांबीच्या करतो आणि शेवटच्या ओळीत एकटा शब्द पडू देत नाही एवढंच, पण मराठी शब्द लांब असल्याने मोबाईलवर त्याचा उपयोग होतो.

आता डिझाइनर येणार आणि म्हणणार की ओळी फाटल्यासारख्या दिसताहेत, हेडिंग एकसंध वाटत नाही. त्याचं चुकत नाही. डोळा वेलांट्या-उकार मोजत नाही, तो अक्षराच्या पायापासून खालच्या शिरोरेषेपर्यंतचा पांढरा पट्टा बघतो. माझ्या फाँटला १.३५ वर तो पट्टा ६९ येतो आणि अक्षराची उंची ६६, म्हणजे पट्टा अक्षराइतकाच रुंद, त्यात अधूनमधून चिन्हं पेरलेली. १.१ ला तोच पट्टा ४४ होतो आणि छान घट्ट दिसतो, पण त्या चाळीसेक पिक्सेलमध्ये वरून २७ आणि खालून २७ ते ३३ अशी चिन्हं उतरवायची आहेत, बसणार कशी? यावर मी लाइन-हाइट कमी करत नाही, फाँट साइज कमी करतो. ४८ ला १.२ म्हणजे ओळीला ५७.६ पिक्सेल, ४४ ला १.३५ म्हणजे ५९.४. उंची जवळपास तेवढीच लागते, ब्लॉकचा आकार डिझाइनमध्ये होता तसाच राहतो आणि टक्कर जाते. देवनागरी अक्षर तसंही त्याच साइजच्या रोमन स्मॉल लेटरपेक्षा मोठं दिसतं, चार पिक्सेल गेलेले कुणाला कळतही नाहीत. दुसरा मार्ग फाँट बदलायचा. काही फाँटांमध्ये वरची-खालची चिन्हं मुद्दाम बुटकी केलेली असतात, नोटो सान्स देवनागरीचा यूआय नावाचा वेगळा प्रकार याचसाठी काढला होता, बटणं आणि मेनूच्या अरुंद उंचीत मावावा म्हणून. अशा फाँटला मोजून १.२ सुद्धा येऊ शकते. पण हेडिंगला बुटकी वेलांटी मला स्वतःला आवडत नाही, दबल्यासारखी दिसते, ही आवड झाली.

एक काम मात्र करू नका, घट्टपणा हवा म्हणून अक्षरांमधलं अंतर उणे करणं. इंग्रजी हेडिंगला `letter-spacing: -0.02em` सर्रास असतं, मराठीत त्याने शिरोरेषेचे जोड एकमेकांवर चढतात, आणि अधिक केलं तर शिरोरेषाच तुटते. शून्य ठेवा.

आणखी एक, लाइन-हाइट बरोबर असूनही शाई कापली जाते ती केस, कारण लोक तिला पण टक्कर समजतात. ओळखायचं कसं, टक्कर झाली तर दोन्ही चिन्हं पूर्ण असतात पण एकमेकांत मिसळलेली, आणि कापली असतील तर चिन्हाला सुरीने कापल्यासारखी सरळ आडवी कड दिसते. हे `overflow: hidden` असलेल्या कार्डात होतं, पहिल्या ओळीचा रफार वरून किंवा शेवटच्या ओळीचा उकार खालून जातो, कारण शाई ओळीच्या डब्याबाहेर गेली तरी ब्राउझर रंगवतो, पण तो डबाच कुणी कात्रीने कापला तर काय करणार. साध्या कार्डाला वर-खाली `padding-block: 0.1em` दिलं की सुटतं. पण `-webkit-line-clamp` लावून दोन ओळींवर तोडलं असेल तर खालचं पॅडिंग उलट अंगावर येतं, लपवलेल्या तिसऱ्या ओळीच्या वेलांट्या त्या पॅडिंगमध्ये डोकावतात, नुसत्या वेलांट्या, खाली अक्षरंच नाहीत, फार विचित्र दिसतं. तिथे खालचं पॅडिंग काढून लाइन-हाइटच १.५ करतो, कार्डातली हेडिंगं लहान असतात, चालून जातं. ग्रेडियंटवाल्या हेडिंगला, म्हणजे `background-clip: text`, हेच दुखणं दुसऱ्या वाटेने येतं, बॅकग्राउंड एलिमेंटच्या डब्यापुरतंच असतं, बाहेर गेलेल्या वेलांटीला रंगच मिळत नाही आणि ती गायब होते. पॅडिंगनेच बरं होतं.

आणि हेडिंगच्या शब्दांमागे रंगाची पट्टी देणार असाल, ती ओळीओळीला वेगळी दिसते तशी, तर दुसऱ्या ओळीची पट्टी पहिल्या ओळीच्या मजकुरानंतर रंगवली जाते आणि पहिल्या ओळीचे सगळे उकार पुसून टाकते. "फुल" चं "फल" झालेलं मी पाहिलंय, प्रूफ वाचणाऱ्याने लेखकाला झापलं आणि लेखक बिचारा शपथा घेत होता. तिथे आतल्या मजकुराला अजून एक `span` लावून त्याला `position: relative` द्या, मजकूर सगळ्या पट्ट्यांच्या वर येतो.

बदल केल्यावर तपासायला मुद्दाम वाईट हेडिंग टाका, "अद्भुत लट्टू विद्युत कुतूहल" हे चार शब्द एका ओळीत आणि `<br>` देऊन खाली "दर्दींनी सर्वांनीच सौंदर्य विद्यार्थिनींनी", आणि मग ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करत न्या. ओळी जसजशा मोडतील तसतशा वेगवेगळ्या जोड्या एकमेकींखाली येतील. मी विशेषतः अनुस्वारांकडे बघतो, वेलांटी चिकटली तर कुरूप दिसतं पण वाचता येतं, वरच्या उकाराने अनुस्वार गिळला तर "सर्वांनी"चं "सर्वानी" होतं आणि लोक शुद्धलेखनाची चूक म्हणून कॉमेंट टाकतात. ३२० पिक्सेल रुंदीपर्यंत एकही अनुस्वार गिळला गेला नाही तर आकडा फायनल करा.